मेसचं ताट तेच ठेवून ७८ ग्रॅम प्रोटीन

प्रश्न: गडचिरोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी होस्टेलला राहतो. वय २०, वजन ५६ किलो. पोलीस भरतीची तयारी सुरू आहे, रोज पहाटे ग्राउंड. ग्राउंडवरचे सर म्हणतात, दिवसाला १२० ग्रॅम प्रोटीन पाहिजे. मेसमध्ये सकाळी पोहे नाहीतर उपमा आणि चहा, दोन्ही वेळा पोळी, भात, पातळ वरण आणि आलू, कोबी नाहीतर वांग्याची भाजी. रूमवर शेगडी-हीटर चालत नाही, फ्रीज नाही. अंडी खातो, चिकन क्वचित. महिन्याला जास्तीत जास्त ६०० रुपये काढू शकतो. एवढ्यात जमेल का, की पावडरच घ्यावी लागेल?

उत्तर:

जमेल, आणि पावडर न घेता जमेल. मी ग्रामीण भागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. भरतीची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांची सुरुवात अशाच एखाद्या मोठ्या आकड्यापासून होते. म्हणून पहिल्यांदा आकडाच नीट करू.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. तुझ्या ५६ किलोला ते साधारण ४६ ग्रॅम होतं. पण तू रोज धावतोस, गोळाफेकीसाठी ताकदीचा व्यायामही करत असशील, म्हणून तुझी गरज जास्त आहे. असा व्यायाम करणाऱ्यांसाठी किलोमागे १.२ ते २ ग्रॅम अशी कक्षा क्रीडा-आहारात धरतात. तुझ्या वयाला, वजनाला आणि १६०० मीटरच्या तयारीला मी १.४ धरेन. म्हणजे ७८ ग्रॅम. १२० म्हणजे किलोमागे दोन ग्रॅमच्याही वर. तेवढं खाल्ल्याने तू जास्त जोरात धावणार नाहीस, आणि तुझ्या ६०० रुपयांत ते बसणारही नाही. वजन वाढलं किंवा सराव बदलला तर हा आकडा बदलेल, पण आज तुझं लक्ष्य ७८ आहे.

आता त्यातलं मेसचं ताट किती देतं ते बघू. याचं उत्तर प्रत्येक मेसचं वेगळं येतं, आणि सगळ्यात मोठा फरक वरणात असतो. वाटीत वरण बघून डाळ किती आहे ते कळत नाही, कारण हळद आणि फोडणी पातळ वरणालाही छान रंग आणतात. मी मुलांना एकच गोष्ट विचारून यायला सांगते: एका वेळेला किती किलो डाळ शिजते आणि जेवायला किती जण असतात? मेसवाल्या काकू हे सहज सांगतात, कारण डाळ त्या रोज स्वतः मोजून काढतात. समजा ७० मुलांना एक किलो तूरडाळ लागते. मग एकेकाच्या वाट्याला १४ ग्रॅम कोरडी डाळ आली. तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे तुझ्या वाट्याला आलं तीन ग्रॅम. त्याच ७० मुलांना दोन किलो डाळ शिजत असेल तर सहा ग्रॅम. तू 'पातळ वरण' लिहिलं आहेस, म्हणून मी तीनच धरते.

यात आणखी एक गोष्ट आहे. पातळ वरण भांड्यात थोडा वेळ उभं राहिलं की डाळ खाली बसते आणि वर पिवळं पाणी राहतं. पंक्तीत पहिल्यांदा बसणाऱ्यांना वरचं मिळतं, शेवटी येणाऱ्यांना खालचं. वाढणाऱ्याला "काकू, तळापासून हलवून द्या" एवढं रोज म्हणायचं. फुकट मिळणारे एक-दोन ग्रॅम आहेत.

बाकी ताटाचा हिशोब असा. पोह्यांची एक प्लेट म्हणजे साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे, त्यात चार-पाच ग्रॅम. चहातल्या दुधातून एखादा ग्रॅम. सकाळ झाली सहा ग्रॅमची. दुपारी चार पोळ्या, एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर पोळीमागे तीन ग्रॅम, म्हणजे बारा. भाताचे साडेचार-पाच, वरणाचे तीन, भाजीचे जेमतेम दोन. दुपार झाली एकवीसची. रात्रही तेवढीच. दिवसाचे एकूण ४८ ग्रॅम. तुझ्या पोळ्या तीनच असतील किंवा भात दोनदा घेत असशील तर तुझा आकडा इकडेतिकडे होईल, पण तो ४८ च्या आसपासच राहील.

७८ मधून ४८ गेले, उरले ३०. तुला महिन्याच्या ६०० रुपयांत फक्त एवढी ३० ग्रॅमची खिंड भरायची आहे.

इथे बरीच मुलं विचारतात, मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर? पोळीने पोट भरेल, पण ही खिंड नीट भरणार नाही. तुझ्या ४८ ग्रॅमपैकी जवळजवळ ३७ ग्रॅम पोहे, पोळी आणि भात यांतूनच येत आहेत. गहू आणि तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा एक घटक कमी असतो. शरीराला स्नायू बांधायला हे सगळे घटक एका ठराविक प्रमाणात लागतात, आणि जो कमी पडतो त्यावर काम अडतं. डाळी, चणे, सोयाबीन, अंडी आणि दूध यांत लायसिन भरपूर असतं. म्हणून वरून जे घालायचं ते यांतलंच हवं. तसं केलं की तुझ्या पोळी-भातातलं प्रोटीनही शरीराच्या जास्त कामी येतं.

याच्या उलट एक गोष्ट सांगते, कारण ती मी फार वेळा बघते. प्रोटीन खायला सुरुवात केली की मुलं भात बंद करतात आणि पोळ्या दोनवर आणतात. तू हे करू नकोस. धावणाऱ्या शरीराला आधी इंधन लागतं. पोळी-भात कमी पडला तर शरीर विकत आणलेलं प्रोटीनच जाळून टाकतं, आणि मग अंड्यांचे पैसे गेले पण स्नायूंना काहीच मिळालं नाही असं होतं. मेसचं ताट आहे तसंच, पोटभर खायचं. जे घालायचं ते त्याच्यावर.

आता काय घालायचं. मी चारच वस्तू सांगते, कारण शेगडी आणि फ्रीज नसताना खोलीवर टिकणाऱ्या, तुझ्या बाजारात रोज मिळणाऱ्या आणि स्वस्त अशा चारच आहेत: फुटाणे, फल्लीदाणे, सोयावडी आणि अंडी.

फुटाण्यांत शंभर ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं. रोज ४० ग्रॅम खाल्ले की आठ ग्रॅम झाले. फल्लीदाण्यांत २५ च्या आसपास, पण त्यांत तेल खूप, म्हणून २५ ग्रॅमवर थांबायचं; सहा ग्रॅम येतात. दोन्ही मिळून चौदा ग्रॅम, म्हणजे जवळपास निम्मी खिंड. तुझ्याकडे वजनकाटा नसणार. किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ४० ग्रॅम फुटाणे आणि २५ ग्रॅम दाणे एकदा वेगवेगळे मोजून घे, आपल्या मुठीत धरून बघ आणि त्या दोन मुठी लक्षात ठेव. मुठीचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा निघतो, दोन मुलांच्या मुठीत कधी कधी दुपटीचा फरक असतो. फुटाणे सालासकट खा. पोट साफ राहायला सालाची मदत होते.

हे खायची वेळ ग्राउंडवरून आल्यानंतरची. तुझी सकाळ सहा ग्रॅमची आहे, आणि नेमका तेव्हाच व्यायाम होऊन स्नायूंना प्रोटीन हवं असतं. म्हणून फुटाणे-दाणे आणि गुळाचा छोटा खडा आंघोळीच्या आधी किंवा नंतर लगेच, वरून दोन ग्लास पाणी. धावायच्या आधी खाऊ नकोस. पोट जड होतं आणि कुशीत दुखायला लागतं. पहाटे फारच भूक लागत असेल तर एक केळ पुरे.

सोयावडी ही या सगळ्यात प्रोटीनची सर्वांत स्वस्त वस्तू. कोरड्या वडीत निम्म्याहून थोडं जास्त प्रोटीन असतं. पंचवीस ग्रॅम वडी म्हणजे तेरा ग्रॅम, आणि त्याचा खर्च साडेतीन-चार रुपये. ती शिजवावी कशी, असा प्रश्न तुला पडेल. सोयावडी तेल काढलेल्या सोयापिठातून, कारखान्यात दाब आणि उष्णता देऊन तयार होते, त्यामुळे कच्च्या सोयाबीनसारखी ती कच्ची नसते. कडकडीत पाण्यात चांगली मुरली की खाता येते. मेसमध्ये भाजी-वरण तयार होताना गरम पाणी असतंच. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात २५ ग्रॅम वडी आणि चिमूटभर मीठ टाक, वर उकळतं पाणी ओत आणि पंधरा मिनिटं झाकून ठेव. मग पाणी ओतून दे आणि वड्या दोन्ही तळव्यांत दाबून पिळून काढ. पुन्हा साधं पाणी घालून एकदा पिळ. सोयाचा जो वास अनेकांना आवडत नाही तो या पाण्याबरोबर बराचसा जातो, आणि पोटात वायू करणारे काही घटकही जातात. पिळलेली वडी तशीच खाऊ नकोस, रबरासारखी लागते आणि चौथ्या दिवशी तू ती सोडून देशील. भाजीच्या तर्रीत टाकून पाच मिनिटं राहू दे. तर्री आत शिरली की ती खाल्ली जाते. मोठ्या वडीपेक्षा बारीक दाण्याची वडी लवकर मऊ होते आणि वरणातही मिसळते.

मुलं मला हळू आवाजात विचारतात, म्हणून तू विचारलं नसलंस तरी सांगते: सोयाने मुलांचे हार्मोन बिघडतात ही भीती मनातून काढून टाक. रोजच्या २५-५० ग्रॅम वडीने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

चौथी वस्तू अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या थोडं वर प्रोटीन, आणि ते सर्वांत चांगल्या दर्जाचं. दोन अंडी म्हणजे साडेबारा. बलक फेकू नकोस, अंड्यातलं जवळपास चाळीस टक्के प्रोटीन बलकातच असतं. ग्राउंडवर काही मुलं कच्ची अंडी फोडून पितात. कच्च्या अंड्यातलं प्रोटीन साधारण निम्मंच अंगी लागतं, उकडलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास, शिवाय कच्च्याने पोट बिघडण्याचा धोका. म्हणजे कच्ची दोन प्यायलास तर जेमतेम एकाचे पैसे वसूल होतात. उकडायची सोय दोन प्रकारे होते. मेसच्या काकू तयार असतील तर आदल्या रात्री अंडी देऊन ठेवायची आणि सकाळच्या चहाच्या वेळी वेगळ्या भांड्यात उकडून घ्यायची. मेस शाकाहारी असेल तर हा आग्रह धरू नकोस, बसस्टँडजवळच्या अंड्याच्या गाडीवरून घे. एकामागे एक-दोन रुपये जास्त पडतात. पोह्यांबरोबर दोन अंडी खाल्लीस की तुझी सकाळ खऱ्या अर्थाने भरली.

दूध मी मुद्दाम यादीत घेतलं नाही. २०० मिलीत सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि ते उत्तम असतं, पण रोज घ्यायचं तर महिन्याला तीनशेच्या वर जातात, आणि फ्रीजशिवाय ते ठेवता येत नाही. एखाद्या दिवशी बाजारात गेलास तर ग्लासभर गरम दूध पिऊन ये, वरचे दोन-तीन ग्रॅम तिथे भरून निघतील.

आता आठवडा लावून बघ. फुटाणे-दाणे रोज. आठवड्यात चार दिवस रात्रीच्या भाजीत सोयावडी, तीन दिवस सकाळी दोन अंडी. कोणत्याही दिवशी १४ आणि वर साडेबारा-तेरा, म्हणजे २७ ग्रॅम. मेसचे ४८ मिळवले की ७५. तळापासून हलवलेल्या वरणाने तू ७६-७७ ला पोहोचतोस, आणि दोन ग्रॅमसाठी जीव काढायचा नसतो.

पैशाचं असं. आमच्याकडच्या बाजारात फुटाणे आणि दाणे दोन्ही किलोला १४० रुपयांच्या आसपास धरले तर सव्वा किलो फुटाण्यांचे १७५ आणि पाऊण किलो दाण्यांचे १०५. सोयावडी महिन्याला सव्वाचारशे ग्रॅम, सुटी घेतली तर ६० रुपये. सव्वीस अंडी आठ रुपयांनी २०८. सगळे मिळून साडेपाचशेच्या आत. तुझ्या गावचा भाव थोडा वेगळा असेल. अंडी महागली की अंड्याचा एक दिवस कमी करून वडीचा वाढवायचा, प्रोटीन तेवढंच राहतं आणि खर्च कमी होतो. ज्या मुलांना अंडी चालत नाहीत त्यांना मी रोज वडीच देते, आणि त्यांचा महिना चारशेत निभतो.

बिघडतं कुठे ते आता सांगते. पहिल्या आठवड्यात सगळं एकदम सुरू केलंस तर पोट फुगेल, ढेकर येतील, सरावात त्रास होईल, आणि तू म्हणशील की हे मला पचत नाही. म्हणून पहिला आठवडा फक्त फुटाणे-दाणे, तेही निम्मे. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण मूठ आणि वडी दहा ग्रॅम. तिसऱ्यात २५. पोटाला कडधान्याची सवय व्हायला एवढा वेळ लागतोच. पाणी कमी पडलं तर फुटाण्यांनी शौचाला कडक होतं. लघवी गडद पिवळी दिसत असेल तर पाणी कमी आहे असं समज, आपल्याकडच्या उन्हात ते फार लवकर कमी पडतं.

दाण्यांच्या बाबतीत काटेकोर राहा. पावसाळ्यात ओल लागलेल्या फल्लीदाण्यांवर बुरशी येते आणि तिच्यातून यकृताला घातक असं विष तयार होतं. ते भाजल्याने किंवा धुतल्याने पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेला, हिरवट डाग पडलेला दाणा निवडून फेकून दे. तोंडात एखादा कडू लागला तर गिळू नकोस, थुंक आणि चूळ भर. महिन्याभराचे दाणे एकदम आणण्यापेक्षा पंधरा दिवसांचे आण आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

उन्हाळ्यात, म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो तेव्हा, उकडलेलं अंडं सकाळचं सकाळीच खायचं, दुपारसाठी बॅगेत ठेवायचं नाही. भिजवलेली वडीही त्याच जेवणात संपवायची. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्यायची. कच्ची अंडी खोलीच्या गार कोपऱ्यात तीन-चार दिवसांपुरतीच आण.

तुझ्या घरी शेती असेल तर घरचं सोयाबीन असेलच, आणि मग विकतची वडी कशाला असं वाटेल. सोयाबीन खरंच चांगलं आहे, शंभर ग्रॅमला ३६-३८ ग्रॅम प्रोटीन. पण कच्चं किंवा नुसतं वरवर भाजलेलं सोयाबीन खायचं नाही. त्यात प्रोटीन पचवणाऱ्या रसाला अडवणारा एक घटक असतो, आणि तो नीट शिजल्याशिवाय जात नाही. सुट्टीत घरी गेलास की आईला सांग: रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकून नव्या पाण्यात दाणा बोटाने चेपेपर्यंत उकडायचं, निथळून उन्हात खडखडीत वाळवायचं आणि मग कढईत मंद आचेवर कुरकुरीत भाजायचं. दाणा फोडून बघायचा. आत मऊ राहिला असेल तर डब्यात त्याला बुरशी येते. नीट झालेलं असेल तर रोज ३० ग्रॅममध्ये दहा-अकरा ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि वडीच्या दिवशी वडीची गरज राहत नाही. यात एक गोष्ट घरी बजावून सांग: पेरणीसाठी आणलेल्या बियाण्यातलं उरलेलं सोयाबीन कधीही खाण्यात घ्यायचं नाही. बीजप्रक्रियेचं औषध त्याला चोळलेलं असतं, बहुधा गुलाबी-लालसर रंग दिसतो, आणि धुऊन ते खाण्याजोगं होत नाही.

आपल्या पूर्व विदर्भात लाखोळीची डाळही घरोघरी असते. तिच्यात प्रोटीन तूरडाळीपेक्षा जास्त आहे, म्हणून कुणीतरी तुला ती सुचवेलच. कधीमधी घरच्या वरणात किंवा वड्यांत खाल्लीस तर हरकत नाही. पण रोजचा प्रोटीनचा आधार तिला करू नकोस. तिच्यातल्या विषारी घटकामुळे, महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांच्या पायांतली ताकद कायमची गेल्याची उदाहरणं आहेत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकल्याने हा घटक बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. ज्याला पायांवर नोकरी मिळवायची आहे त्याने हा धोका घेऊ नये.

पावडरीबद्दल विचारलंस. चांगल्या व्हे पावडरीच्या एका मापात वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं आणि ते चांगलं असतं, त्यात वाईट काही नाही. पण महिन्याचा डबा तुझ्या ६०० रुपयांच्या कितीतरी पट जातो. आणि ६०० रुपयांत जी पावडर मिळते तिच्या डब्यावर मागच्या बाजूचा तक्ता वाच: शंभर ग्रॅममागे प्रोटीन किती, साखर किती. स्वस्त डब्यांत बहुतेक साखरच असते. ग्राउंडवर कुणी पिशवीत सुटी पावडर विकत असेल तर ती अजिबात घेऊ नकोस.

हे सगळं तू एकट्याने करायचं झालं. पण तुझ्या मेसमध्ये भरतीवाली आणखी मुलं असतील. तुम्ही पाच-सहा जण मिळून मेस चालवणाऱ्यांकडे जा आणि एकच गोष्ट मागा: पोह्यांवर चण्याची तर्री. आपल्याकडे पोहे-चना ही काही नवलाई नाही, हॉटेलात आपण तेच खातो. रात्री एक किलो चणे भिजत घातले तर सकाळी ४० मुलांना २५-२५ ग्रॅम कोरड्या चण्यांएवढे होतात, म्हणजे प्रत्येकी पाच ग्रॅम प्रोटीन, आणि मुलामागे खर्च दोन-अडीच रुपये. "जेवण सुधारा" अशी तक्रार घेऊन गेलं की मेसवाले ऐकत नाहीत, त्यांचीही गणितं तंग असतात. किती किलो, किती रुपये आणि आठवड्यातून कोणते दोन दिवस, एवढं ठरवून गेलं की बहुतेक जण करून देतात. ज्या दिवशी तर्री मिळेल त्या दिवशी फुटाणे निम्मे केलेस तरी चालेल.

उपयोग होतोय का हे कसं ओळखायचं? आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन कर आणि वहीत लिही. वजन स्थिर आहे किंवा महिन्यात पाऊण-एक किलो वाढलं आणि धावण्याची वेळ सुधारते आहे, तर बरोबर चाललं आहे. वजन घटत असेल तर प्रोटीन वाढवू नकोस, पोळी-भात वाढव. जोरदार सरावानंतर पायांचं दुखणं दोन दिवसांत उतरायला हवं. चार-चार दिवस उतरत नसेल तर झोप आणि एकूण जेवण आधी तपास.

आणि वजन ठीक असूनही धाप लागते, चेहरा फिका दिसतो, दुसऱ्या फेरीतच पाय जड होतात असं असेल तर तो प्रोटीनचा प्रश्न नसतो. आधी रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घे. आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे, म्हणून भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला मी ती तपासणी एकदा करून घ्यायला सांगतेच. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी कर. सिकलसेलचा वाहक असलास तरी धावता येतं, पण उन्हात, कमी पाण्यावर, एकदम जोर लावून धावणं त्याच्यासाठी धोक्याचं असतं आणि सरावाच्या सरांना ते माहीत असायला हवं. मूत्रपिंडाचा काही आजार आधीपासून असेल तर वर सांगितलेलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नकोस.

उद्या काकूंना डाळीचा आकडा विचार. एका वेळेची डाळ किती किलो आणि मुलं किती, हे दोन आकडे आणि तू खरोखर किती पोळ्या खातोस ते लिहून पाठव. तुझ्या मेसचे नेमके ४८ आहेत की ४२ की ५४, ते काढून देते, आणि त्याप्रमाणे वडीचं माप कमी-जास्त करू.